ब्रश केला की हिरड्यांतून रक्त: पुन्हा पुन्हा येत असेल तर दवाखान्यात जाण्याआधीचे चौदा दिवस

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. सकाळी ब्रश केला की थुंकीतला फेस गुलाबी येतो. हिरड्या फुगल्यासारख्या आणि नेहमीपेक्षा लाल दिसतात, दुखत मात्र फारसं नाही. दोन-तीन दिवस मिठाच्या गुळण्या केल्या, पेस्ट बदलली, मेडिकलवरून हिरड्यांना चोळायचं औषध आणलं की बरं वाटतं. महिन्याभराने पुन्हा तेच. ‘डॉक्टरसाहेब, ब्रश लावा का रगत येस’ म्हणत आमच्या चोपड्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांनी ही फेरी कितीदा तरी मारलेली असते. दुखत नाही म्हणून दवाखाना लांबतो आणि रक्त येतं म्हणून ब्रश टाळला जातो. यातलं दुसरं जास्त महागात पडतं.

कारण रक्त ब्रशने येत नाही. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेला रोज एक मऊ, पांढरट, चिकट थर बसतो. आम्ही त्याला प्लाक म्हणतो. तो अन्नाचा कण नाही, जंतूंची वसाहत आहे. म्हणून चूळ भरून तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. संध्याकाळी हिरडीच्या कडेवरून नख फिरवून पाहा, नखात जे मऊ पांढरं येतं ते हेच. हा थर काही दिवस तिथेच राहिला की त्या जंतूंशी झुंजायला शरीर हिरडीत जास्त रक्त पाठवतं. बारीक रक्तवाहिन्या फुगतात, हिरडीच्या आतल्या बाजूचं अस्तर नाजूक होतं, आणि मग ब्रशचा साधा स्पर्शही पुरतो. ब्रश फक्त दाखवून देतो की इथे सूज होती.

हे नुसतं म्हणणं नाही, करून पाहिलेलं आहे. 1965 साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लावल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. कुठलंही औषध दिलं नव्हतं. घरी काय करायचं आणि त्याला किती दिवस द्यायचे, या दोन्हीचा आधार याच प्रयोगात आहे.

एक उदाहरण

केळीच्या कटाईची टोळी चालवणारे एक आप्पा. वय चाळीसच्या पुढे, पहाटे चारला घर सोडायचं, गाडी भरून झाल्यावरच निवांतपणा. तंबाखू नाही, बिडी नाही. दीड वर्षापासून अधूनमधून रक्त यायचं. त्यांनी केलेले उपाय क्रमाने असे: आधी कडक ब्रश घेतला, ‘मऊने साफ होत नाही’ म्हणून. त्याने जास्त रक्त आलं, मग ब्रश सोडून बोटाने पावडर लावू लागले. मग कुणीतरी तुरटी सांगितली. तुरटीने हिरडी आवळते, दोन-चार दिवस रक्त थांबतं, खाली थर तसाच असतो. मग मेडिकलवरून अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स. त्याने महिनाभर आराम पडला आणि नंतर पुन्हा गुलाबी फेस. उजव्या बाजूने रक्त जास्त म्हणून ते डावीकडूनच चावायचे आणि उजवीकडे ब्रश नुसता टेकवायचे. दोन्ही बाजूंच्या हिरड्यांत फरक पडला होता तो यामुळेच.

त्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी होती आणि त्यांचीही कटाई जोरात होती, म्हणून दोन आठवड्यांनंतरची वेळ ठरली. मधल्या दिवसांत काय करायचं ते सांगितलं, आणि एक कागद दिला: रोज रात्री ब्रश झाल्यावर रक्त कुठून आलं तेवढंच लिहायचं. वर की खाली, उजवीकडे की डावीकडे की पुढे, गालाकडून की जिभेकडून. आरशासमोर ओठ बाजूला करून पाहिलं की कळतं, नाहीतर बोटाला स्वच्छ कापूस गुंडाळून एकेक भाग टिपून पाहायचा.

पहिले चार दिवस कागदावर सगळीकडूनच रक्त. पाचव्या दिवशी तर जास्त, आणि त्यांचा फोन: ‘बंद करू का?’ नाही. जिथे कित्येक महिने ब्रश पोचला नव्हता तिथे आता तो पोचत होता, म्हणून ते रक्त. आठव्या दिवसानंतर वरच्या पुढच्या दातांचं थांबलं, मग डावीकडचं, मग उजवीकडच्या खालच्या दाढांचं. तेराव्या-चौदाव्या दिवशी कागदावर दोनच जागा उरल्या: खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू, आणि वरच्या उजव्या दाढांची गालाकडची बाजू.

या दोन जागा योगायोगाने उरल्या नाहीत. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं खालच्या पुढच्या दातांच्या मागे उघडतात, आणि गालातल्या मोठ्या लाळग्रंथीचं तोंड वरच्या दाढांसमोर. लाळेतल्या क्षारांमुळे साचलेला मऊ थर इथे सगळ्यांत लवकर कडक होतो, त्यालाच आपण किटण म्हणतो. किटण दाताला सिमेंटसारखं पकडून बसतं आणि त्याच्या खडबडीत पाठीवर नवा थर आणखी सहज बसतो. ब्रश ते काढू शकत नाही. मीठ, सोडा, लिंबू, कुठलीही पेस्ट ते काढू शकत नाही. ते दवाखान्यातच निघतं.

म्हणजे चौदा दिवसांच्या काळजीतून दोन गोष्टी मिळतात. जिथलं रक्त थांबलं तिथे त्रास फक्त मऊ थराचा होता, आणि तो तुमच्याच हाताने गेला. जिथलं थांबलं नाही तिथे बहुधा किटण आहे, किंवा हिरडी दातापासून सुटून खोल कप्पा झाला आहे. तो कागद घेऊन आलात की डॉक्टरांना नेमकं कुठे पाहायचं ते कळतं.

चौदा दिवस काय करायचं

ब्रश मऊ घ्या. पाकिटावर ‘सॉफ्ट’ लिहिलेला, लहान डोक्याचा. घरातला केस वाकलेला जुना ब्रश काढून टाका, तो कडेला पोचतच नाही. पेस्ट कुठलीही चालेल, फक्त फ्लोराइडची असावी आणि वाटाण्याएवढी घ्यावी. हिरड्यांसाठी म्हणून विकली जाणारी महाग पेस्ट वापरायची तर वापरा, पण काम ब्रशचं टोक करतं, पेस्ट नाही. हे सांगितलं की लोकांचा थोडा विरस होतो.

हात कसा चालवायचा हेच खरं. ब्रशचे केस दातावर सपाट ठेवू नका. अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा तिरपा धरा, वरच्या दातांना टोक वर, खालच्या दातांना टोक खाली. मग दोन-तीन दातांवर जागच्या जागी हलके, छोटे झटके द्या, दहा-एक वेळा, आणि पुढे सरका. करवतीसारखं आडवं रेटायचं नाही. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. बाहेरची बाजू झाली की जिभेकडची, आणि खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरून. पूर्ण तोंडाला दोन मिनिटं लागतात. घड्याळ लावून एकदा बघाच, बहुतेकांचा ब्रश अर्ध्या मिनिटात आटोपलेला असतो.

सकाळचा ब्रश राहिला तर एक वेळ चालेल, रात्रीचा नाही. झोपेत लाळ कमी सुटते आणि थराला पूर्ण रात्र मोकळी मिळते. आप्पांचं गणित इथेच चुकत होतं: पहाटे घाईत एकदा, आणि रात्री भाकरी-भाजी खाऊन थेट अंथरुणावर. रात्रीच्या जेवणानंतर ब्रश, आणि त्यावर पाण्याशिवाय काही नाही. लगीनसराईत रात्री उशिरा मांडे नाहीतर पुरणपोळी खाऊन आलात तरी हाच नियम.

रक्त जिथून येतं तिथे जास्त सावकाश घासायचं, पण घासायचंच.

दातांच्या फटीत ब्रश जात नाही. तिथे फ्लॉसचा धागा किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश दिवसातून एकदा. धागा हिरडीवर आपटू नका, दाताला वेढा देऊन वर-खाली सरकवा. नव्याने सुरू केल्यावर काही दिवस फटीतून रक्त येईल, ते अपेक्षित आहे. टाचणी, काडेपेटीची काडी, झाडूची काडी यांनी कोरू नका. त्याने फटीतली हिरडी खरंच जखमी होते.

मिठाच्या गुळण्या जरूर करा: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा मिनिट तोंडात खळखळवून थुंकून टाकायचं, दिवसातून दोन-तीनदा. सुजलेल्या हिरडीला आराम पडतो. रक्तदाब असेल तर गिळू नका एवढंच. पण गुळणी म्हणजे ब्रश नव्हे. कोरडं मीठ किंवा मीठ-तेल बोटाने हिरडीवर रगडू नका, खरचटतं.

हिरडी इतकी हळवी झाली असेल की ब्रश टेकवतच नाही, तर मेडिकलमध्ये 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश मिळतं. दहा मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा. ब्रशनंतर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, कारण पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा जोर कमी होतो. हे दोन आठवड्यांच्या वर स्वतःच्या मनाने चालवू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि दिवसभर चहा घेणाऱ्याच्या दातांवर जरा जास्तच. काही दिवस जेवणाची चवही बदलते, भरीत खाल्लं तरी फिकं लागतं. दोन्ही तात्पुरतं असतं, डाग क्लिनिंगमध्ये निघतात. लहान मुलांना देऊ नका.

या दिवसांत फार तिखट ठेचा, कडक बिबड्या आणि ज्वारीच्या लाह्या जरा बाजूला ठेवा. तिखटाने हिरडीचा रोग होत नाही, पण सुजल्या जागी झोंबतं आणि मग माणूस ब्रश टाळतो. लाह्यांचं कारण वेगळं आहे. लाहीचं किंवा भाजलेल्या मक्याचं पातळ टरफल दात आणि हिरडीच्या मध्ये उभं घुसतं आणि तिथेच अडकून बसतं. बाकी सगळं तोंड ठीक, एकाच जागी अचानक गोळ्यासारखी सूज आणि ठणका, असं झालं की दोन-चार दिवसांपूर्वी काय खाल्लं ते आधी आठवा. फ्लॉसने हलकेच काढून पाहा. निघालं नाही तर टोकरत बसू नका, दवाखान्यात मिनिटाचं काम असतं.

दुखलंच तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन नको, त्याने रक्त पातळ होतं. आणि ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणं किंवा लवंगेचं तेल कापसाने थेट हिरडीवर लावणं मुळीच नको. दोन्हींनी हिरडीची कातडी भाजून पांढरी पडते, आणि मग मूळ सूज कोणती आणि भाजलेलं कोणतं हे आम्हालाही चटकन कळत नाही.

रक्त न येणं म्हणजे बरं असणं नव्हे

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून बऱ्याचदा रक्त कमी येतं. हिरडी फिकट, घट्ट आणि ठणठणीत दिसते, पण खालचं हाड झिजत असतं. बिडी सोडल्यावर काही जणांना पहिल्यांदाच रक्त दिसतं आणि ते म्हणतात, ‘सोडल्यामुळेच झालं.’ दबून राहिलेली सूज आता दिसू लागली, एवढाच त्याचा अर्थ. या कारणासाठी पुन्हा ओढायला सुरुवात करू नये.

मिश्रीचं आपल्याकडे वेगळंच आहे. अनेक घरांत मावश्या आणि आज्या ती दात घासायचं साधन म्हणूनच वापरतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती बोटाने रगडल्याने हिरडी मागे सरकते, दाताची मुळं उघडी पडतात. ‘मिश्री लावली की हिरड्या दुखत नाहीत’ हे त्यांचं म्हणणं खोटं नसतं, पण ते निकोटिनचं काम आहे. अशा मावशीला ‘मिश्री सोडा’ एवढंच म्हणून काही होत नाही. मी आधी मिश्रीच्या जोडीला रात्रीचा ब्रश सुरू करायला लावतो, आणि तंबाखू लागणाऱ्या जागी पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, ते पाहतो. यातलं काही घरी आरशात दिसलं तर चौदा दिवस थांबू नका, सरळ दाखवा.

कधी थांबायचं नाही

ताप आणि त्यासोबत हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल बारीक ठिपके किंवा नाकातूनही रक्त, असं पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत झालं तर दातांच्या नव्हे, फिजिशियनच्या दवाखान्यात त्याच दिवशी जा. डेंग्यूची शक्यता असते. गाल किंवा हनुवटीखाली सूज चढत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला त्रास होत असेल तर रात्र काढू नका. दाबून धरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारं, किंवा काही कारण नसताना आपोआप येणारं रक्तही साध्या सुजेचं नसतं. त्यासोबत थकवा आणि अंगावर निळे डाग असतील तर रक्ताची तपासणी आधी.

हिरडी दाबली की पू येतो, दात हलतात, दातांमध्ये पूर्वी नसलेली फट पडली, ही रोग हाडापर्यंत गेल्याची चिन्हं. घरची काळजी इथेही करायची, पण तिच्यावर विसंबून वेळ पुढे ढकलायची नाही. गेलेलं हाड परत येईल असं धरून चालता येत नाही.

औषधांकडेही बघा. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर काहींच्या हिरड्या वाढून दातांवर येतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त जास्त वेळ येतं. यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, पाकीट घेऊन या. मधुमेह असेल आणि साखर चढी असेल तर हिरडी भरून येत नाही, आणि सुजलेल्या हिरडीमुळे साखर आटोक्यात यायला अडथळा होतो. असे रुग्ण आले की मी आधी साखरेचा ताजा रिपोर्ट मागतो. गरोदरपणात हार्मोन्समुळे थोड्या थरानेही हिरड्या जास्त सुजतात. त्या काळात क्लिनिंग करता येतं, मधले तीन महिने त्याला सोयीचे. ‘बाळंतपणानंतर बघू’ म्हणून थांबायची गरज नसते.

दवाखान्यात काय होतं

आप्पांच्या दाढेपाशी बारीक खुणा असलेल्या सळीने मोजलं तर हिरडीचा कप्पा पाच मिलिमीटर खोल निघाला. तीनपर्यंत ठीक मानतात. खालच्या पुढच्या दातांमागे किटणाची सलग पट्टी होती. ते मशिनने काढलं, म्हणजे स्केलिंग. दाढेपाशी हिरडीच्या आतून खोल सफाई करावी लागली, बधिर करून, वेगळ्या दिवशी. अँटिबायोटिक दिलं नाही, किटण तिथेच ठेवून गोळ्या देण्यात अर्थ नसतो.

किटण निघाल्यावर त्यांना मागचे दात मोकळे आणि फटी मोठ्या वाटल्या. बऱ्याच जणांना वाटतं आणि त्यातूनच ‘क्लिनिंगने दात ढिले होतात’ हा समज पसरतो. किटणाने भरलेली जागा रिकामी झालेली असते आणि सूज उतरून हिरडी खाली बसलेली असते. दात ढिले असले तर ते आधीच ढिले होते, किटणाने फक्त एकमेकांना बांधून ठेवले होते. काही दिवस गार पाण्याने शिणशिणतं, संवेदनशील दातांची पेस्ट लावली की बहुतेकांचं कमी होतं.

खर्चाची अडचण असेल तर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी. सरकारी रुग्णालयातही दातांचा विभाग असेल तर आधी तिथे चौकशी करा. जाताना तो कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि मधुमेह असेल तर साखरेचा शेवटचा रिपोर्ट सोबत ठेवा. आप्पांना तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे, कप्पा चारवर आला की नाही ते मोजायला.